पालकांच्या फॉर्मचे फोटो, ताळ्याच्या खुणा आणि एक छोटा तक्ता



शाळेत आपण पालकांकडून फॉर्म भरून घेतो. पूर्वी कागद परत यायचे, आता बऱ्याचदा कागदाचे फोटो येतात. गठ्ठ्याऐवजी मोबाइलमध्ये पस्तीस-चाळीस फोटो साठतात. मग आपण एकेक फोटो सरकवत मनात मोजतो आणि म्हणतो, "बहुतेक पालक हो म्हणतायत." असंच मोजून मी माझ्या चौथीच्या वर्गासाठी एक चुकीचा निर्णय घ्यायच्या बेतात होते. तेच उदाहरण घेऊन फोटोंमधली उत्तरं नीट कशी मोजायची आणि त्यांचा तक्ता कसा करायचा, ते आज पाहू.

वर्गाचा पट ३४. संध्याकाळी मोबाइलवर रोज थोडा गृहपाठ पाठवावा, असा माझा विचार होता. म्हणून एक पानी फॉर्म मुलांसोबत घरी दिला. पहिला प्रश्न असा होता: संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत मुलाला अभ्यासासाठी मोबाइल मिळतो का? पर्याय तीन: रोज, कधीकधी, नाही. दुसरा प्रश्न होता, घरी अभ्यासाला मदत कोण करतं? त्यात एकापेक्षा जास्त खुणा चालणार होत्या. मागच्या बाजूला सूचनांसाठी जागा. भरलेल्या फॉर्मचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाका किंवा कागदच दप्तरातून पाठवा, असं पालकांना सांगितलं होतं.

त्या रात्री ग्रुपवरचेच फोटो मोजले. पुढच्या बाजूचे २३ फोटो, त्यांत 'रोज' वर खूण असलेले १४. निम्म्याहून बरेच जास्त! मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गाच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "२३ फोटो म्हणजे २३ मुलं का?" तिथून सगळं पुन्हा सुरू केलं.

आधी फोटो नाही, फॉर्म मोजा

फोटो आणि फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच फॉर्मचा आधी धूसर आणि मग स्पष्ट फोटो येतो. आई एक पाठवते, तोच वडीलही पाठवतात. मागच्या बाजूचा वेगळा फोटो येतो. म्हणून हजेरीपटाप्रमाणे कागदावर १ ते ३४ क्रमांक उभे लिहायचे आणि प्रत्येक फोटो आपापल्या क्रमांकासमोर नोंदवायचा. फोटो संगणकावर घेतले असतील तर त्यांना `07-1.jpg`, `07-2.jpg` अशी नावं द्या. म्हणजे हजेरी क्रमांक ७, पुढची बाजू आणि मागची बाजू. मुलाचं नाव फाइलला देऊ नका, क्रमांक पुरतो. फॉर्म वाटतानाच कोपऱ्यात हजेरी क्रमांक लिहिला असेल तर हे काम दहा मिनिटांत होतं. मी लिहिला नव्हता, त्यामुळे अक्षरावरून आणि पाठवणाऱ्याच्या नंबरवरून ओळखत बसावं लागलं.

माझा हिशोब असा निघाला. ग्रुपवर २६ फोटो, दप्तरातून आलेल्या कागदांचे मी काढलेले ९, एकूण ३५. त्यांतले ३ मागच्या बाजूचे आणि ४ दुबार. उरले २८ फॉर्म. पट ३४, म्हणजे ६ मुलांचे फॉर्म आलेच नव्हते. दुबार आलेल्या ४ फोटोंपैकी ३ 'रोज' वाले होते. माझ्या १४ चे इथेच ११ झाले.

मोजायच्या आधी नियम ठरवा

फॉर्मवर खुणा आपल्याला हव्या तशाच येतील असं नसतं. एकाने 'रोज' आणि 'कधीकधी' दोन्हीवर बरोबरची खूण केली होती. एकाने चौकट सोडून बाजूला "हो मिळतो" लिहिलं होतं. एका पालकांनी दोन चौकटींत फुली मारून तिसरी कोरी ठेवली होती. आता फुली म्हणजे 'हे निवडलं' की 'हे नाही'? मोजता मोजता असे निर्णय घेतले, तर आपण नकळत आपल्या आवडत्या उत्तराकडे झुकतो. म्हणून नियम आधीच कागदाच्या वर लिहून ठेवावेत. माझे तीन नियम होते:

१. एका फॉर्मवर एका पर्यायाला बरोबरची खूण आणि बाकीच्यांना फुली असेल, तर बरोबरची खूण धरायची.

२. दोन बरोबरच्या खुणा, नुसत्या फुल्या, किंवा तिन्ही पर्यायांत न बसणारा मजकूर असेल तर पालकांना एकदा विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर 'अस्पष्ट' मध्ये टाकायचं, अंदाज करायचा नाही.

३. कोरा प्रश्न म्हणजे 'नाही' नव्हे. तोही 'अस्पष्ट किंवा कोरे' मध्येच जातो.

विचारल्यावर "हो मिळतो" म्हणजे 'कधीकधी' आणि फुलीवाल्यांची कोरी चौकट हेच त्यांचं उत्तर, असं कळलं. दोन खुणा केलेल्यांकडून उत्तर आलं नाही, म्हणून तो फॉर्म 'अस्पष्ट' झाला.

फोटोची एक खास अडचणही सांगते. पेन्सिलची खूण फोटोत पुसट होते आणि घडीची रेघ किंवा सावली खुणेसारखी दिसते. फोटो मोठा करून पाहा. तरीही शंका राहिली तर कागदच मागवा. एका फॉर्मवर मला कोरी वाटलेली चौकट कागदावर चांगली भरलेली निघाली.

यादी आधी, खुणा नंतर

थेट फोटो पाहत ताळ्याच्या खुणा करू नका. मध्ये कुणी बोलावलं की कुठे थांबलो ते कळत नाही, आणि चूक झाली तर शोधायला जागाच नसते. आधी हजेरी क्रमांकासमोर एक अक्षर लिहा: र (रोज), क (कधीकधी), न (नाही), अ (अस्पष्ट किंवा कोरे), ग (फॉर्म आला नाही). एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. पूर्ण झाल्यावर अदलाबदल करून पुन्हा एकदा वाचायचं. आमच्या दुसऱ्या वाचनात एक फरक सापडला. क्रमांक १९ समोर २० चं उत्तर लिहिलं गेलं होतं.

मग या यादीवरून ताळ्याच्या खुणा करायच्या. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावर आडवी, म्हणजे पाच-पाचचे गट मोजायला सोपे. चौथीची मुलं हे काम आनंदाने करतात, पण त्यांना फक्त र-क-न ची यादी द्या, फोटो नाही. घरची उत्तरं मुलांनी वाचायची नसतात.

यादी संगणकावर असेल तर हे सूत्र वापरता येतं:

```
=COUNTIF(B2:B35,"र")
```

इथे एक सापळा आहे. 'र' नंतर चुकून स्पेस पडली असेल तर ते उत्तर मोजलं जात नाही. म्हणून पाचही अक्षरांची बेरीज नेहमी करायची. ती पटाइतकी, म्हणजे ३४ यायलाच हवी. कमी आली तर काहीतरी सुटलंय, जास्त आली तर काहीतरी दोनदा मोजलं गेलंय.

तक्ता

तक्ता करताना मी एक गोष्ट वेगळी केली. फॉर्म कुठल्या वाटेने आला, त्याचे दोन रकाने ठेवले.

| संध्याकाळी मोबाइल मिळतो का? | ग्रुपवर आलेले | दप्तरातून आलेले | एकूण |
|---|---|---|---|
| रोज | ११ | १ | १२ |
| कधीकधी | ५ | ३ | ८ |
| नाही | २ | ४ | ६ |
| अस्पष्ट किंवा कोरे | १ | १ | २ |
| आलेले फॉर्म | १९ | ९ | २८ |
| न आलेले फॉर्म | | | ६ |
| पट | | | ३४ |

आता दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. ग्रुपवरच्या १९ पैकी ११ घरांत मोबाइल रोज मिळतो, दप्तरातून आलेल्या ९ पैकी एकाच घरात. यात नवल नाही. ज्यांच्या हाताशी मोबाइल आहे, तेच फोटो पाठवतात. मी पहिल्या रात्री मोबाइलबद्दलचा प्रश्न मोबाइलवाल्यांनाच विचारून उत्तर मोजत होते! न आलेल्या सहा घरांत काय परिस्थिती आहे ते हा तक्ता सांगत नाही. पण ती सहा घरं ग्रुपवाल्यांसारखीच असतील, असं धरून चालता येणार नाही.

टक्केवारीचा मोह इथे आवरा. स्पष्ट उत्तरं २६, त्यांत 'रोज' १२. "४६.१५ टक्के" लिहिलं की फार अचूक वाटतं, पण इथे एकच मूल इकडचं तिकडे झालं तर आकडा जवळजवळ चार टक्क्यांनी हलतो. "२६ पैकी १२" लिहा, सगळ्यांना समजतं. आणि 'पैकी' च्या आधीचा आकडा प्रत्येक वेळी लिहा. २६ पैकी १२ आणि पटावरच्या ३४ पैकी १२ यांचा अर्थ वेगळा होतो.

दुसऱ्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त खुणा चालत होत्या, त्यामुळे तिथे बेरजेचा नियम बदलतो. २७ जणांनी उत्तर दिलं आणि खुणा आल्या ४०: आई १७, मोठं भावंड ९, वडील ६, आजी-आजोबा ३, कोणी नाही ५. इथे ४० मुलं झाली असं नाही. म्हणून तक्त्याखाली "एकापेक्षा जास्त उत्तरं शक्य" ही ओळ हवीच. पडताळा वेगळा घ्यायचा: 'कोणी नाही' वर खूण असलेल्या फॉर्मवर दुसरी कुठली खूण नाही ना, ते पाहायचं.

तक्त्याखालचं वाक्य

तक्ता मुख्याध्यापकांना किंवा पालकसभेत दाखवताना खाली एक-दोन वाक्यं लिहा. मी लिहिलं: "३४ पैकी १२ मुलांना संध्याकाळी रोज मोबाइल मिळतो असं पालकांनी नोंदवलं आहे. ६ मुलांना मिळत नाही आणि ६ जणांचे फॉर्म आलेले नाहीत." मग निर्णय सोपा झाला. गृहपाठ वहीतच राहिला. मोबाइलवर फक्त जादाचा सराव जातो आणि तो केला नाही म्हणून कुणाला विचारलं जात नाही.

पुढच्या वेळी एक बदल करणार आहे. फोटो ग्रुपवर न मागवता माझ्या नंबरवर मागवणार. ग्रुपवर एकाचं उत्तर सगळ्यांना दिसतं, आणि "आमच्याकडे मोबाइल नाही" हे सगळ्यांसमोर लिहिणं कुणालाही अवघड जातं. यादी आणि तक्ता तयार झाल्यावर फोटो मी मोबाइलमधून काढून टाकले.

तुमच्या मोबाइलमध्येही असे फोटो पडून असतील, तर आधी हजेरीपट समोर घ्या आणि कुठल्या क्रमांकाचा फॉर्म आलेला नाही ते पाहा.