ब्लीचने खराब झालेले केस : जपावेत की कापावेत?

दिवाळीला माझी भाची पुण्याहून आली, तेव्हा डोक्यावरची ओढणी काही काढेना. शेवटी आजीनेच ती सारली, तर खाली वाखासारखे राठ, पिवळट केस! वर्षभरात तीनदा ब्लीच, त्यावर तांबडा, मग जांभळा आणि घरच्यांच्या धाकाने शेवटी काळा रंग. तोही चार धुण्यांत उतरलेला.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. ब्लीचने त्या प्रथिनाचे सांधे तुटतात आणि केसावरचे खवले उचकटतात. मग प्रथिनही झिजते आणि ओलावाही टिकत नाही. यांतले कमी काय, हे पाहूनच उपाय करावा लागतो.

गळालेला एक ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणावा. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर मागे येतो. नुसताच लांबत गेला, च्युइंगगमसारखा मऊ लागला, तर प्रथिन कमी. न ताणताच काडीसारखा तुटला, तर ओलावा कमी किंवा प्रथिन जास्त झालेले.

भाचीचे मुळाजवळचे दोन बोटे नवे केस धडधाकट होते. मधला भाग ताणून तसाच राहायचा आणि टोकाची चार बोटे तर पार लिबलिबीत.

आजीने लगेच अंडे आणले. पण अंड्यातले प्रथिन आकाराने मोठे, ते केसात शिरत नाही. त्यासाठी ‘हायड्रोलाइज्ड’, म्हणजे बारीक तुकडे केलेले प्रथिन असलेला मास्क लागतो. तो आठवड्यातून एकदा, धुतलेल्या केसांना दहा मिनिटे लावून धुवायचा, वर कंडिशनर. आजीचे खोबरेल मात्र खरेच कामाचे. ते केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनाची झीज कमी करते. म्हणून न्हाण्याच्या आदल्या रात्री दोन चमचे चोळायचे.

पोरीला घाई. चुलतबहिणीचे लग्न माघात! ती मास्क आठवड्यातून तीनदा लावू लागली. तिसऱ्या आठवड्यात केस ताठ झाले, कंगव्यात तुकडे येऊ लागले. प्रथिन अती झाले होते. तीन आठवडे मास्क बंद ठेवून नुसते कंडिशनर लावले, तेव्हा मधला भाग मवाळ झाला. पुढे मास्क महिन्यातून एकदाच.

टोके मात्र तशीच. महिनाभर निगा राखूनही ओला केस गमसारखा लांबतो, टोक फाटून चीर वर चढते, तिथे कात्रीच लावावी. केस निर्जीव असतो. फाटलेला पुन्हा सांधत नाही. ती चार बोटे कापताना पोर रडली. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, तेव्हा उरलेला ब्लीचचा भाग दर दोन महिन्यांनी थोडाथोडा कापायचे ठरले.

लग्नासाठी पुन्हा रंगवायचा हट्ट तिने धरला होता. आजी हो म्हणाली होती, मीच अडवले. अशा केसांवर पुन्हा ब्लीच पडले, तर ते मुळाजवळूनच तुटतात. लग्नात तिने लहानसा अंबाडा घातला, वर मोगऱ्याचा गजरा. कोणी काही विचारले नाही.