मोबाईलवर तुंबलेलं काम दिसत नाही!

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि ऑर्डरी ट्रेलोवर आहेत. कॉम्प्युटरवर ‘मागावर’, ‘शिलाई’, ‘पॅकिंग’ या याद्या शेजारी-शेजारी दिसतात. शिलाईत ९ कार्डं अडकलीत, पॅकिंगला एकच, हे एका नजरेत कळतं. मोबाईलवर मात्र एका वेळी जवळपास एकच यादी मावते. बाकीच्यांसाठी बोट सरकवावं लागतं. तुंबलेलं काम तिथंच लपतं बघा.

उलट ताण्याचा धागा तुटून टॉवेलात रेघ पडली, तर कारागीर मागापाशीच फोटो काढून कार्डाला जोडतो. कॉम्प्युटर ऑफिसात असला की हीच नोंद संध्याकाळपर्यंत राहते. म्हणून नोंद मोबाईलवर, आणि मालकाने सकाळी अख्खा बोर्ड कॉम्प्युटरवर बघायचा.