सोन्यावरचे शुल्क आणि व्यापारतुटीचा हिशेब

एखाद्या देशाने वर्षभरात बाहेरून घेतलेल्या मालाची किंमत बाहेर विकलेल्या मालापेक्षा जास्त झाली, की त्या फरकाला व्यापारतूट म्हणतात. २०१२-१३ या आर्थिक वर्षात भारताची ही तूट सुमारे १९६ अब्ज डॉलर होती. एवढे डॉलर मालाच्या निर्यातीतून मिळाले नव्हते, तरी पुरवठादारांची बिले भागली, कारण डॉलर येण्याचे इतर मार्ग होते. सॉफ्टवेअर आणि इतर सेवांची निर्यात होती, आखातातून आणि अमेरिकेतून घरी येणारा पैसा होता. परदेशी कंपन्यांचा नफा आणि कर्जावरचे व्याज बाहेर गेले ते वजा करून या मार्गांनी सुमारे १०७ अब्ज डॉलर मिळाले. उरलेला ८८ अब्ज डॉलरचा खड्डा म्हणजे चालू खात्यावरची तूट. हा खड्डा कर्ज काढून, परदेशी गुंतवणूक आणून किंवा रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीला हात घालूनच बुजवावा लागतो. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ४.८ टक्के इतकी ही तूट होती, आणि तोवरच्या नोंदींतली ती सर्वांत मोठी होती.

त्या वर्षीच्या आयातीत खनिज तेलाखालोखाल सोने होते, जवळपास ५४ अब्ज डॉलरचे. तेल जळून वाहने आणि कारखाने चालतात. सोने मात्र लॉकरमध्ये जाऊन बसते. गंमत अशी की राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ‘मौल्यवान वस्तू’ या नावाखाली अशी खरेदी भांडवलनिर्मितीत धरली जाते, म्हणजे कागदावर ती गुंतवणूकच ठरते. तुटीचे मूळही इथेच सापडते. देशात जेवढी बचत होते तिच्यापेक्षा गुंतवणूक जास्त झाली, तर फरकाचा माल आणि पैसा बाहेरूनच यावा लागतो. चालू खात्यावरची तूट ही या फरकाचीच दुसरी बाजू असते. म्हणून कोणता माल कुठल्या देशातून आला यापेक्षा, लोक बचत कशी करतात आणि कशात ठेवतात, हा प्रश्न तुटीच्या अधिक जवळचा आहे.

त्या काळात लोक सोन्याकडे का वळले, याचे उत्तर सरळ होते. किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती आणि बँकेतली मुदतठेव साडेआठ-नऊ टक्के देत होती. ठेवीत ठेवलेला पैसा दरवर्षी थोडा थोडा झिजत होता, तर सोन्याचा भाव दहा वर्षे चढत आला होता. अशा वेळी ठेव मोडून सराफाकडे जाणारा माणूस हौशी म्हणता येणार नाही. त्याचे गणित बरोबर होते. पण तेच गणित लाखो घरांनी केले आणि देशात खाणीतून सोने जवळजवळ निघत नसल्यामुळे (कर्नाटकातली हट्टीची खाण सोडली तर सांगण्यासारखे काही नाही, कोलारची २००१ मध्ये बंद झाली) प्रत्येक तोळ्यामागे डॉलर मोजावे लागले.

सरकारने यावर आयातशुल्काचा उपाय काढला. आयातशुल्क म्हणजे माल बंदरावर किंवा विमानतळावर उतरताना घेतला जाणारा कर. तो परदेशी विक्रेत्याच्या खिशातून जात नाही. आयात करणारी बँक किंवा कंपनी तो सरकारला रुपयांत भरते आणि पुढे भावात मिसळून वसूल करते. त्यामुळे शुल्काचा पैसा डॉलरच्या रूपाने देशाबाहेर जात नाही. तूट कमी व्हायची असेल तर ती एकाच वाटेने होऊ शकते, ती म्हणजे भाव चढल्यामुळे लोकांनी कमी वजनाचे सोने घेणे. लोकांनी तेवढेच घेतले, तर सरकारचा महसूल वाढतो आणि तूट होती तिथेच राहते. पामतेलावरच्या शुल्काला आणखी एक हेतू असतो. बाहेरचे तेल महागले की लातूरच्या बाजारात सोयाबीनला भाव मिळावा, अशी अपेक्षा त्यामागे असते. सोन्याच्या बाबतीत असा जपण्यासारखा देशी उत्पादकच नाही. सारा भार ग्राहकाच्या मनावर.

२०१२ च्या सुरुवातीपर्यंत सोन्यावर दहा ग्रॅमला ३०० रुपये असे ठरावीक शुल्क होते. जानेवारी २०१२ मध्ये ते किमतीच्या दोन टक्के झाले, मार्चमध्ये चार. जानेवारी २०१३ मध्ये सहा. तेवढ्यात एप्रिलच्या मध्यावर जागतिक बाजारात सोने दोन दिवसांत औंसामागे दोनशे डॉलरच्या आसपास कोसळले आणि शुल्काने जे साधायचे होते त्याच्या नेमके उलट झाले. स्वस्ताई दिसताच खरेदीची झुंबड उडाली. एप्रिलमध्ये सुमारे १४२ टन आणि मेमध्ये १६२ टन सोने देशात आले. मेच्या अखेरीस अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले, परदेशी पैसा परतू लागला आणि रुपया घसरला. जूनमध्ये शुल्क आठ टक्के झाले, ऑगस्टमध्ये दहा. त्याच ऑगस्टच्या अखेरीस एका डॉलरला ६८ रुपयांहून जास्त मोजावे लागत होते.

शुल्काने भागत नाही हे दिसल्यावर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१३ मध्ये ८०:२० ची अट घातली. आणलेल्या सोन्यापैकी एक पंचमांश दागिन्यांच्या निर्यातदारांसाठी राखायचे आणि ते निर्यात झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय पुढची खेप आणायची नाही. शुल्क भावावर परिणाम करते, ही अट थेट वजनावर करत होती, आणि तिचा चटका चांगलाच बसला. सोन्याची टंचाई झाली, आणि सराफाला जागतिक भाव अधिक शुल्क यांच्याही वर जास्तीचा भाव मोजावा लागू लागला. २०१३-१४ मध्ये अधिकृत आयात हजार टनांच्या आसपासवरून साडेसहाशेच्या घरात आली आणि तिचे मूल्य २९ अब्ज डॉलरपर्यंत उतरले. चालू खात्यावरची तूट ८८ अब्जांवरून ३२ अब्जांवर आली.

हे आकडे शेजारी ठेवले की शुल्काचे यश डोळ्यांत भरते, पण वजाबाकी नीट करायला हवी. तूट ५६ अब्जांनी घटली आणि त्यात सोन्याचा वाटा २५ अब्जांचा होता, निम्म्याहून कमी. त्या २५ अब्जांतही काही भाग वजन घटल्यामुळे नव्हता, तर जागतिक भाव उतरल्यामुळे होता. बाकीचे काम मंदावलेल्या अर्थव्यवस्थेने घटलेली इतर आयात आणि रुपया स्वस्त झाल्यावर सुधारलेली निर्यात यांनी केले. रुपया सावरला तो मुख्यतः सप्टेंबर २०१३ मध्ये अनिवासी भारतीयांच्या डॉलरठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने दिलेल्या सवलतीमुळे. या खिडकीतून, बँकांच्या परदेशी कर्जांसह, ३४ अब्ज डॉलर आले.

दुसरी बाजू नोंदवहीत दिसत नाही. समजा, बाहेर एक किलो सोन्याची किंमत ६० लाख रुपये आहे आणि शुल्क १५ टक्के आहे. नऊ लाख शुल्क धरून किंमत ६९ लाख होते. त्यावर तीन टक्के जीएसटी म्हणजे दोन लाख सात हजार. राजमार्गाने आलेले सोने ७१ लाख ७ हजारांना पडते. पट्ट्यात किंवा बुटाच्या तळव्यात लपवून आणलेले सोने ६० लाखांचेच असते. मधले अकरा लाख हे आणणाऱ्याला, नेणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाटून खायला मिळतात. शुल्क सहा टक्के केले, तर हाच फरक साडेपाच लाखांवर येतो. मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्याला हे गणित नवे नाही. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणापासून १९९० मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत रात्री पडावांतून उतरणारी बिस्किटे हा तिथला एक धंदाच होता. २०१३ नंतर तस्करीचे सोने वर्षाला दीडशे-दोनशे टन येत असल्याचे अंदाज बांधले गेले.

तस्करीमुळे सरकारचा महसूल बुडतो हे सगळ्यांच्या लक्षात येते. तुटीशी तिचा संबंध मात्र सहसा सांगितला जात नाही. चोरून आणलेल्या सोन्याचेही डॉलर कुणीतरी मोजलेलेच असतात. दुबईत नोकरी करणारा माणूस घरी पाठवायचे दिरहम हवालावाल्याकडे देतो. हवालावाला त्या दिरहमांत तिथेच सोने घेतो, ते चोरवाटेने इकडे येते, आणि विकून आलेले रुपये त्या माणसाच्या घरी पोचतात. बँकेमार्फत आले असते ते परकीय चलन देशात आलेच नाही. आयातीच्या रकान्यातून सोने गायब झाले आणि अनिवासींकडून येणाऱ्या पैशाच्या रकान्यातूनही तेवढीच रक्कम गायब झाली. तूट आहे तिथेच आहे, आकडेवारी तेवढी देखणी झाली.

कायद्यातल्या फटी हा आणखी एक मार्ग. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सोन्यावरचा एक पूरक कर त्यात विलीन झाला. दक्षिण कोरियाशी मुक्त व्यापाराचा करार असल्यामुळे तिथून येणाऱ्या सोन्याच्या नाण्यांवर मूळ दहा टक्के शुल्क नव्हतेच. पूरक करही गेल्यावर ती फक्त तीन टक्के जीएसटीवर येऊ लागली. कोरियातून सोन्याची रीघ लागली, आणि ऑगस्टमध्ये सरकारला तिच्यावर बंधन घालावे लागले. पुढे संयुक्त अरब अमिरातीतून ‘प्लॅटिनमची मिश्रधातू’ या नावाने असा माल आला, ज्यात नव्वद टक्क्यांच्या वर सोनेच होते. दोन मालांवरच्या शुल्कात मोठे अंतर पडले, की त्या अंतरातून वाट काढणारा कुणीतरी भेटतोच.

८०:२० ची अट नोव्हेंबर २०१४ मध्ये उठली. शुल्क मात्र चढत राहिले. २०१९ मध्ये साडेबारा टक्के, मध्ये थोडे खाली, आणि रुपयावर पुन्हा ताण आल्यावर जुलै २०२२ मध्ये १५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते एकदम सहा टक्क्यांवर आणले गेले, आणि सोने स्वस्त होऊन आयात बेसुमार वाढेल अशी भीती व्यक्त झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या आकड्यांनी ती खरी ठरल्यासारखे वाटले. एका महिन्यात १४.८ अब्ज डॉलरचे सोने आल्याचे जाहीर झाले. नंतर लक्षात आले की काही खेपांची नोंद दोनदा झाली होती, आणि आकडा सुमारे पाच अब्जांनी खाली आणावा लागला.

२०२४-२५ हे पूर्ण वर्ष पाहिले तर आयातीचे मूल्य साडेपंचेचाळीस अब्ज डॉलरवरून ५८ अब्जांवर गेले. वजन मात्र ७९५ टनांवरून ७५७ टनांवर उतरले. शुल्क निम्म्याहून खाली आले असतानाही अधिकृतपणे आलेले सोने घटले, कारण जागतिक भाव त्या वर्षभर चढतच होता. शुल्कातली नऊ टक्क्यांची कपात त्या चढीत काही महिन्यांतच विरून गेली, आणि तुटीत वाढलेले साडेबारा अब्ज डॉलर वाढीव सोन्याचे नव्हते. तेवढ्याच, किंबहुना जरा कमीच सोन्यासाठी मोजलेला तो जास्तीचा भाव होता.