अपूर्णांकाला वाट नसलेले जाळे

दोन गोदामे आणि तीन गावे, एवढाच पसारा आपण घेऊ. पहिल्या गोदामात धान्याची 30 पोती शिल्लक आहेत, दुसऱ्यात 40. गावांची मागणी अनुक्रमे 20, 25 आणि 25 पोत्यांची आहे. पहिल्या गोदामातून पोत्यामागे वाहतूक गावागणिक साडेचार, सव्वासहा आणि नऊ रुपये पडते; दुसऱ्यातून पाच, साडेतीन आणि चार. एकंदर खर्च किमान होईल अशी रवानगी ठरवावयाची. हिचकॉक यांनी 1941 साली मांडलेला वाहतुकीचा प्रश्न याच जातीचा. दर अपूर्णांकात आहेत, पोते फोडू नये अशी अट कोठेही घातलेली नाही, आणि डान्ट्झिग यांची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धती तर साडेबारा पोत्यांनाही बारा पोत्यांइतक्याच निर्विकारपणे स्वीकारणारी आहे. असे असूनही कागदावर जे उत्तर उतरते, त्यात पहिले गोदाम पहिल्या गावास 20 व दुसऱ्यास 10 पोती धाडते, दुसरे गोदाम दुसऱ्या गावास 15 व तिसऱ्यास 25 धाडते, आणि खर्च 305 रुपये होतो.

हे उत्तर पेन्सिलीने काढताना काय घडते, ते न्याहाळण्यासारखे आहे. सिम्प्लेक्स पद्धती ज्या कोपऱ्याकोपऱ्यांवरून फिरते, त्या प्रत्येक कोपऱ्यावर येथे फक्त चारच वाटा हिशेबात घ्याव्या लागतात, आणि त्या चार वाटांत कोठेही वेटोळे नसते. म्हणून टोकाचे एखादे ठिकाण नेहमीच सापडते. वरील उत्तराच्या कोपऱ्यावर पहिल्या गावाला एकच वाट येते, तेव्हा तिच्यावर 20 पोती निश्चित. मग पहिल्या गोदामात 10 उरली, ती दुसऱ्या गावास. त्याची गरज आणखी 15 ची, ती दुसऱ्या गोदामातून. आणि तेथे उरलेली 25 तिसऱ्या गावास. सारी वजाबाकीच! भागाकार करण्याचा प्रसंगच येत नाही, आणि भागाकारावाचून पूर्णांकांतून अपूर्णांक निपजणार कोठून?

भागाकार का येत नाही, याचे मूळ सारणीच्या घडणीत आहे. प्रत्येक ठिकाणाला एक ओळ आणि प्रत्येक वाटेला एक स्तंभ दिला, की जमाखर्चाच्या वहीत एकच रक्कम एकीकडे नावे व दुसरीकडे जमा पडावी, तसे प्रत्येक स्तंभात निघण्याच्या ठिकाणी +1, पोचण्याच्या ठिकाणी −1, आणि अन्यत्र शून्य पडते. या सारणीतून कोणताही चौरस तुकडा उचलावा, त्याचा निश्चयक 0, 1 किंवा −1 एवढाच निघतो. या गुणाला टोटल युनिमॉड्युलॅरिटी म्हणतात. सिद्धता आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. तुकड्यातला एखादा स्तंभ निव्वळ शून्यांचा असेल, तर निश्चयक शून्य. एखाद्या स्तंभात एकच शून्येतर अंक असेल, तर त्या स्तंभाने विस्तार करावा, म्हणजे एका पायरीने लहान असा तुकडा उरतो आणि तोच युक्तिवाद त्यालाही लागू पडतो. आणि प्रत्येक स्तंभात +1 व −1 दोन्ही असतील, तर सर्व ओळींची बेरीज शून्य होऊन निश्चयक पुन्हा शून्यच. चौथा पर्याय संभवत नाही. आता क्रेमरच्या नियमाने कोपऱ्यावरची प्रत्येक राशी म्हणजे दोन निश्चयकांचा भागाकार; छेदस्थानी +1 किंवा −1, अंशस्थानी पुरवठा व मागणी यांच्या पूर्णांकांनी बनलेला पूर्णांक. दर या मांडणीत कोठेच येत नाहीत. कोणता कोपरा स्वस्त, एवढाच निवाडा ते करतात. वाटांवर पूर्णांकी कमाल मर्यादा घातल्या तरी हा गुण टिकतो. हॉफमन आणि क्रुस्कल यांनी 1956 साली उलट दिशाही दाखवली: अटी ≤ स्वरूपाच्या असताना उजवीकडे कोणतेही पूर्णांक घातले तरी प्रत्येक कोपरा पूर्णांकीच हवा असेल, तर सारणीत नेमका हाच गुण असावा लागतो.

बिघाड कसा होतो, तेही पाहावे. समजा, दुसऱ्या गावाने दोन्ही गोदामांकडून सारखीच पोती मागितली. अट निरुपद्रवी दिसते. पण 25 चे निम्मे साडेबारा, आणि त्यापाठोपाठ पहिल्या गावास पहिल्या गोदामातून साडेसतरा व दुसऱ्यातून अडीच पोती येतात. निश्चयक तपासला तर तो 2 किंवा −2 भरतो, कारण नव्या ओळीने दोन वाटांना असे जखडले आहे, की वेटोळ्यातून एक पोते फिरवताच त्यांच्यातील अंतर दोनाने बदलते.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. पूर्णांकाची हमी कोपऱ्यांपुरती आहे. दोन कोपरे सारख्याच खर्चाचे निघाले, तर त्यांच्या मधल्या रेषेवरची अपूर्णांकी उत्तरेही तितकीच किफायतशीर ठरतात, आणि आतून वाट काढणारी इंटिरिअर पॉइंट पद्धती नेमकी तेथेच थांबू शकते.

तेव्हा संगणकाला प्रत्येक राशी पूर्णांकच हवी असे बजावून काम विनाकारण अवजड करण्यापूर्वी वाचकाने आपल्या सारणीचे स्तंभ एकवार नजरेखालून घालावेत. प्रत्येकात एक +1 आणि एक −1 एवढेच असेल, आणि पुरवठा, मागणी व मर्यादा पूर्णांकी असतील, तर ती अट गाळून सिम्प्लेक्स चालवावी.