युक्तिवाद वैध, तरी निष्कर्ष खोटा? हो, असं होऊ शकतं!

हा युक्तिवाद बघा:

१. सगळे सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात.
२. प्लॅटिपस सस्तन प्राणी आहे.
३. म्हणून प्लॅटिपस पिल्लांना जन्म देतो.

ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो, म्हणजे निष्कर्ष साफ खोटा. तरीही तर्कशास्त्रात हा युक्तिवाद वैधच ठरतो!

कारण वैधतेचा प्रश्न एवढाच असतो: पहिली दोन विधानं खरी मानली, तर तिसरं खोटं असू शकेल का? इथे नाही. ती दोन विधानं प्रत्यक्षात खरी आहेत की नाहीत, हे वैधता तपासतच नाही. चक्की चोख चालली तरी दळण खराब असेल तर पीठ खराबच येणार.

मग चूक कुठे आहे? युक्तिवाद वैध आणि निष्कर्ष खोटा असेल, तर निदान एक आधारविधान खोटं असलंच पाहिजे. प्लॅटिपस पिल्लांना दूध पाजतो, म्हणजे दुसरं विधान खरं आहे. उरलं पहिलं, आणि त्यातला ‘सगळे’ हा शब्दच घात करतो.

आता दुसरा युक्तिवाद बघा: ‘सगळ्या गायी सस्तन आहेत, मांजर सस्तन आहे, म्हणून मांजर गाय आहे.’ इथे दोन्ही आधारविधानं खरी आहेत, निष्कर्ष मात्र खोटा. म्हणजे हा युक्तिवाद अवैध.