फेब्रुवारीत तीनशे का कापतात? व्यवसाय कर समजून घेऊया



फेब्रुवारीची पगार स्लिप हातात आली की स्टाफरूममध्ये दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "अहो, पीटीचे दोनशे असतात ना? या वेळी तीनशे कसे कापले?" त्याचं उत्तर सोपं आहे. पण मागच्या वर्षी एका पालकांनी आणखी एक प्रश्न विचारला. ते छोटा क्लास चालवतात. "सर, मी दरवर्षी अडीच हजार पीटी भरतो, तरी मला नोटीस का आली?" त्याचं उत्तर नीट समजून घ्यावं लागतं. आज हे दोन्ही प्रश्न घेऊया. हिशोब महाराष्ट्रातला आहे. इतर राज्यांत दर वेगळे असतात आणि काही राज्यांत हा कर नाहीच.

हा कर आला कुठून?

व्यवसाय कर म्हणजेच आपण ज्याला पीटी किंवा प्रोफेशनल टॅक्स म्हणतो तो कर राज्य सरकार घेतं. त्याचा आयकराशी संबंध नाही. महाराष्ट्रात यासाठी १९७५ चा कायदा आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा लागणार होता आणि तो उभा करण्यासाठी हा कर लावला गेला. म्हणजे ज्याला नियमित काम आहे, त्याने ज्याला काम नाही त्याच्यासाठी थोडा वाटा द्यायचा, असा त्यामागचा विचार.

एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपयेच घेता येतात, ही मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये आहे. १९८८ पूर्वी ती २५० रुपये होती. आता २५०० ला बाराने भागून बघा, पूर्ण भाग जात नाही. म्हणून अकरा महिने २०० रुपये, म्हणजे २२००, आणि उरलेले ३०० फेब्रुवारीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच!

पगारावरचे टप्पे

१ एप्रिल २०२३ पासून पुढील टप्पे लागू आहेत.

पुरुष कर्मचारी:
- महिना पगार ७५०० रुपयांपर्यंत : कर नाही
- ७५०१ ते १०,००० : दरमहा १७५ रुपये
- १०,००० च्या वर : दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००

महिला कर्मचारी:
- महिना पगार २५,००० रुपयांपर्यंत : कर नाही
- २५,००० च्या वर : दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, पगार म्हणजे फक्त मूळ वेतन नव्हे. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असं जे नियमित मिळतं ते सगळं धरायचं. बोनस आणि ग्रॅच्युइटी मात्र धरायची नाही. दुसरी, टप्पा त्या त्या महिन्याच्या पगारावर ठरतो, वर्षाच्या सरासरीवर नाही. समजा एका मॅडमचा पगार २४,५०० होता आणि जूनपासून २५,५०० झाला. मेपर्यंत त्यांना कर नाही. जून ते जानेवारी आठ महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे त्या वर्षी १९०० रुपये कापले जातील.

वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना हा कर नाही. कायद्यात सांगितलेलं अपंगत्व असलेल्यांनाही सूट आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र द्यावं लागतं.

एकाच नावाचे दोन कर

आता पालकांच्या नोटिशीकडे वळूया. व्यवसाय कराचे दोन नंबर असतात आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिला पीटीईसी. हा स्वतःसाठी असतो. दुकानदार, डॉक्टर, क्लासचालक, भागीदारी फर्ममधला प्रत्येक भागीदार, कंपनी आणि तिचे संचालक अशा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनी तो घ्यायचा. बहुतेकांना वर्षाला सरसकट २५०० रुपये, ३० जूनपर्यंत. याचं रिटर्न भरावं लागत नाही, फक्त चलन.

दुसरा पीटीआरसी. हा मालक म्हणून असतो. तुमच्याकडे कर लागेल इतका पगार घेणारा एक जरी कर्मचारी असला, तरी तीस दिवसांच्या आत हा नंबर घ्यावा लागतो. मग कर्मचाऱ्यांच्या पगारातून कर कापायचा, सरकारकडे भरायचा आणि रिटर्न द्यायचं.

ओळखायची खूण अशी. पीटीईसीचा नंबर ९९ ने सुरू होतो, पीटीआरसीचा २७ ने, आणि दोन्हींच्या शेवटी P असतो. आमचे पालक इमानेइतबारे ९९ वर पैसे भरत होते. २७ वाला नंबर त्यांनी कधी घेतलाच नव्हता. जीएसटीचा नंबर असला तरी तो या दोन्हींच्या जागी चालत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या आपल्यासारख्यांचा पीटी शालार्थच्या पगार बिलातच वजा होतो, त्यामुळे आपल्याला काही भरावं लागत नाही. खाजगी विनाअनुदानित शाळेत मात्र ही जबाबदारी संस्थेची असते.

एक उदाहरण सोडवूया

समजा तालुक्याच्या गावी एक जोडपं भागीदारीत क्लास चालवतं. त्यांच्याकडे पाच जण कामाला आहेत :

- गणिताचे सर, पगार १८,००० : दरमहा २००
- विज्ञानाच्या मॅडम, पगार २६,००० : दरमहा २००
- इंग्रजीच्या मॅडम, पगार २२,००० : कर नाही
- शिपाई (पुरुष), पगार ९,००० : दरमहा १७५
- सफाईच्या मावशी, पगार ६,००० : कर नाही

दर महिन्याला कापायचे २०० + २०० + १७५ = ५७५ रुपये. असे अकरा महिने म्हणजे ६३२५. फेब्रुवारीत ३०० + ३०० + १७५ = ७७५. एकूण ७१०० रुपये. हे पीटीआरसीवर, म्हणजे २७ च्या नंबरवर भरायचे.

नवरा-बायको दोघं भागीदार आहेत, कर्मचारी नाहीत. म्हणून त्यांचे प्रत्येकी २५०० असे ५००० रुपये आपापल्या ९९ च्या नंबरवर. हे त्यांच्या खिशातून जातात. ७१०० रुपये मात्र कर्मचाऱ्यांच्या पगारातले आहेत, मालक ते फक्त पोहोचवतो.

पण मालकाने कापायचे विसरले तर? कायदा म्हणतो की पगार देताना कर कापला असो वा नसो, तो भरायची जबाबदारी मालकाचीच. तीन वर्षांनी लक्षात आलं तर तोवर गणिताचे सर नोकरी सोडून गेलेले असतात, आणि त्यांचा करही मालकालाच भरावा लागतो. नोटीस आलेल्या पालकांचं नेमकं हेच झालं.

गणिताचे सर सकाळी दुसरीकडेही नोकरी करत असतील तर दोन्हीकडे कर कापायची गरज नाही. त्यांनी स्वतः पीटीईसी घेऊन कर भरायचा आणि तसं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र दोन्ही मालकांना द्यायचं. ते प्रमाणपत्र फाइलमध्ये असल्याशिवाय मालकाने कपात थांबवू नये.

रिटर्न कधी आणि कसं?

मागच्या वर्षाचा पीटीआरसीचा कर एक लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर वर्षातून एकदा रिटर्न. त्यात मार्च ते फेब्रुवारी या बारा महिन्यांचे पगार येतात आणि मुदत ३१ मार्च असते. कर एक लाख किंवा जास्त असेल तर दर महिन्याला, म्हणजे मार्चच्या पगाराचं रिटर्न एप्रिलअखेर, असं.

आता सर्वांत जास्त फसवणारा नियम. नोंदणीच्या पहिल्या वर्षी कर कितीही कमी असो, रिटर्न दर महिन्याला भरावं लागतं. आपला क्लासवाला "कर तर सातच हजार आहे, मार्चमध्ये बघू" म्हणून थांबला तर पहिल्याच वर्षी त्याची सगळी रिटर्न उशिरा ठरतात.

भरायची पद्धत अशी :

१. mahagst.gov.in वर आधी कर भरा. चलनाचं नाव MTR-6. नंबर २७ चा आहे ना आणि कालावधी बरोबर निवडलाय ना, हे पैसे भरण्याआधी दोनदा तपासा.

२. त्याच साइटवरून रिटर्नचा Form IIIB हा एक्सेल नमुना डाउनलोड करा. त्यात कोणत्या टप्प्यात किती कर्मचारी, एकूण कर आणि चलनाची माहिती लिहायची.

३. नमुना तपासून त्यातून तयार होणारी फाइल लॉगिन करून अपलोड करा. पोचपावती चलनासोबत जपून ठेवा.

नुसते पैसे भरून काम संपत नाही. कर वेळेत भरला पण रिटर्न राहिलं, तरी विलंब शुल्क लागतं. ते मुदतीनंतर तीस दिवसांच्या आत २०० रुपये आणि त्यानंतर १००० रुपये असतं, आणि प्रत्येक रिटर्नला वेगळं. कर उशिरा भरला तर व्याजही लागतं. पहिल्या महिन्याला सव्वा टक्का, पुढचे दोन महिने दरमहा दीड टक्का, त्यानंतर दरमहा दोन टक्के. आपल्या उदाहरणात ७१०० रुपये आणि रिटर्न १० जूनला भरलं तर व्याज साधारण ३०० रुपये होईल, पण विलंब शुल्क १०००. पहिल्या वर्षी अशी बारा रिटर्न राहिली तर शुल्कच बारा हजार, म्हणजे करापेक्षा जास्त!

कर्मचाऱ्याने काय बघावं?

आयकराचा टीडीएस आपल्याला आपल्या पॅनवर दिसतो. व्यवसाय कराचं तसं नाही. रिटर्नमध्ये टप्प्यानुसार माणसांची संख्या जाते, नावं जात नाहीत. त्यामुळे कापलेले पैसे खरंच भरले का, हे घरबसल्या कळत नाही. खाजगी ठिकाणी काम करत असाल तर पगार स्लिपवर पीटीचा वेगळा रकाना आहे का बघा आणि वर्षाअखेर चलनाची प्रत मागा. २५,००० च्या आत पगार असलेल्या भगिनींनी स्लिप आवर्जून तपासावी, कारण २०२३ पूर्वी महिलांची मर्यादा १०,००० होती आणि काही ठिकाणी जुन्याच टप्प्याने कपात चालू राहते.

आणि हो, आयकर भरताना जुनी करप्रणाली निवडली असेल तर वर्षभरात भरलेला व्यवसाय कर पगारातून वजा मिळतो. नवीन प्रणालीत मिळत नाही.

आमच्या पालकांनी आता दोन्ही नंबर एका पाटीवर लिहून टेबलासमोर लावलेत : "९९ माझा, ३० जून. २७ स्टाफचा, ३१ मार्च." पहिल्या वर्षाची महिन्याची रिटर्न त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनाने मांडली आहेत. तुमचा छोटा व्यवसाय असेल, तर अशी एक पाटी तुम्हीही लावा.