जमिनीकडे पाहून स्थिर राहणारे ड्रोन

धावत्या आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिले म्हणजे रुळांलगतचे खांब भराभर मागे पळतात आणि दूरची टेकडी मात्र संथपणे सरकते. गाडीचा वेग एकच. पण वस्तू जितकी दूर, तितकी ती हळू सरकताना दिसते. बंद खोलीत ड्रोन एका जागी तरंगत ठेवण्याची युक्ती ह्याच अनुभवावर उभारलेली आहे.

मोकळ्या मैदानात ड्रोनला आपली जागा जी. पी. एस. च्या उपग्रहांकडून कळते. घराचे छप्पर व भिंती ते क्षीण संदेश अडवितात. म्हणून ड्रोनच्या पोटाशी दोन उपकरणे बसवितात. पहिले ऑप्टिकल फ्लो सेन्सर. हा एक चिमुकला कॅमेरा होय. जमिनीची चित्रे झपाट्याने टिपून त्यांतील खुणा किती सरकल्या, हे तो पाहतो. दुसरे उपकरण म्हणजे अंतरमापक. ते अदृश्य किरण खाली सोडते व ते परतण्यास लागलेल्या वेळावरून उंची काढते.

दोहोंची गरज का? 1 मीटर उंचीवरून ड्रोन सेकंदाला 10 सेंटीमीटर सरकले, किंवा 2 मीटरांवरून 20 सेंटीमीटर सरकले, तरी कॅमेऱ्यास दोन्ही अगदी सारखेच दिसते. उंचीने गुणल्यावरच खरा वेग मिळतो. मग ड्रोन उलट दिशेला किंचित कलून तो वेग शून्यावर आणते. अंतरमापकाने 1 मीटरऐवजी 2 मीटर सांगितले, तर वेग दुप्पट भासतो, ड्रोन गरजेहून अधिक कलते आणि झोके खाऊ लागते. उंची कमी सांगितली, तर ते आळसावल्यासारखे वाहत जाते.

आणखी एक फसगत आहे. ड्रोन जागच्या जागी कलले, तरी कॅमेऱ्यास जमीन सरकल्यासारखी दिसते. कलण्याची गती जायरोस्कोप मोजतो. ती वजा करावी लागते. ह्याची परीक्षा सोपी आहे. पंखे काढून ड्रोन हातात धरावे व न सरकवता कलवावे. पडद्यावरील वेग शून्याजवळ राहिला, तर वजाबाकी बरोबर आहे. तो उसळला, तर कोठेतरी दिशा वा वेळ चुकली आहे.

गुळगुळीत, एकरंगी फरशीवर कॅमेऱ्यास धरावयास खूणच सापडत नाही. मंद उजेडातही तो आंधळा होतो. अशा वेळी दिवे लावून खाली नक्षीदार सतरंजी अंथरली की ड्रोन सावरते. ड्रोन टेबलावरून गेले, तर अंतरमापकास जमीनच वर आल्यासारखी वाटते आणि ड्रोन एकाएकी उंच उसळते.

एक मर्यादा मात्र उरतेच. ‘मी कोठे आहे’ हे ह्या उपकरणांना कळत नाही. ‘मी किती सरकलो’ एवढेच कळते. प्रत्येक मोजणीतील बारीक चूक पुढच्या चुकीत मिळते, आणि काही वेळाने स्थिर दिसणारे ड्रोनही आपल्या मूळ जागेपासून हळूहळू ढळलेले असते.